पडदा कोणापासून, ते आधी ठरवा

आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: ‘व्हीपीएन लावा आणि बिनधास्त राहा, कुणाला काही कळत नाही.’ सल्ला देणारा बहुधा चांगल्या मनाचा असतो. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांना खरोखर आडोशाची गरज आहे त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. त्याच ग्रुपवर दुसरा कुणीतरी उत्तर देतो, ‘ज्याच्या मनात चोर नाही त्याला लपायची गरज काय?’ हेही तितकेच चुकीचे. आपण घराला दार लावतो, खिडकीला पडदा लावतो, पत्र पाकिटात घालून पाठवतो. यातले काहीही चोर करतो म्हणून आपण करत नाही.

या दोन्ही बोलण्यांत एक प्रश्न राहून जातो: पडदा नेमका कोणापासून? प्रॉक्सी, व्हीपीएन आणि टॉर ही तीन वेगवेगळी साधने आहेत. प्रत्येक साधन एका बाजूने झाकते आणि दुसऱ्या बाजूने उघडे ठेवते. तिन्हींना एकाच नावाने ओळखणाऱ्या माणसाने तुम्हाला सुरक्षिततेचा सल्ला देऊ नये.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ठेवू. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावात राहणारी एक विवाहित मुलगी आहे. तिला खुला कसा घेतात, पोटगीचा हक्क काय, मोफत वकील कुठे मिळतो, हे वाचायचे आहे. ती मोबाइल डेटावर एका कायदेविषयक संस्थेचे संकेतस्थळ उघडते. यात गुन्हा काहीच नाही. पण ही गोष्ट चारचौघांत गेली तर तिला त्रास होईल.

कोणतेही साधन न लावता तिने ते उघडले तर काय दिसते? आज बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता https ने सुरू होतो. म्हणजे फोन आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो. मोबाइल कंपनीला तिने कोणता लेख वाचला, फॉर्ममध्ये काय लिहिले, हे दिसत नाही. पण संकेतस्थळाचे नाव दिसते, वेळ दिसते आणि किती डेटा गेला-आला तेही दिसते. पाकीट बंद आहे, पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमन वाचू शकतो. शिवाय दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून कंपन्यांना जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. दुसऱ्या टोकाला, संकेतस्थळाला तिचा आयपी पत्ता दिसतो. त्यावरून कंपनी आणि ढोबळ भाग कळतो. नाव-गाव कळत नाही. ते फक्त कंपनीला माहीत असते, कारण सिम कुणाच्या नावावर आहे हे तिच्याकडे लिहिलेले असते.

म्हणजे प्रश्न तीन आहेत. मी कोण आहे हे कुणाला माहीत आहे? मी कुठे जाते हे कुणाला माहीत आहे? आणि मी काय वाचते-लिहिते हे कुणाला दिसते? पहिली दोन उत्तरे एकाच माणसाच्या हाती लागली की पडदा गेला. आता प्रत्येक साधन या तीन प्रश्नांना लावून पाहा.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुम्ही त्याला सांगता, अमुक ठिकाणाहून मला एवढे आणून दे. तो आणून देतो. संकेतस्थळाला तुमचा पत्ता दिसत नाही, त्याचा दिसतो. प्रॉक्सीचा फायदा इथेच संपतो. साध्या प्रॉक्सीत तुमच्या फोनपासून त्या मधल्या माणसापर्यंतचा रस्ता बहुधा उघडाच असतो. ‘मला अमुक संकेतस्थळ हवे’ ही विनंती मोबाइल कंपनीला पूर्वीसारखीच वाचता येते. वर प्रॉक्सी फक्त ज्या ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये लावली तेवढ्यापुरती चालते. फोनमधली बाकीची ॲप आपल्या नेहमीच्या रस्त्याने जात राहतात. काही प्रॉक्सी तर इतक्या प्रामाणिक असतात की विनंतीसोबत तुमचा मूळ पत्ताही पुढे कळवतात.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ‘इथे पत्ता टाका, बंद संकेतस्थळ उघडा’ म्हणणारी पाने. तिथे कुलूप तुमच्या आणि त्या पानाच्या मध्ये असते. पुढचे सगळे तो मालक उघडतो, वाचतो आणि तुम्हाला दाखवतो. अशा पानावर पासवर्ड टाकणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देणे. ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून फसू नका. ते कुलूप कोणाच्या दाराचे आहे ते पाहा. वरच्या पट्टीत त्या मधल्या पानाचा पत्ता दिसत असेल तर कुलूप त्याचे आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी प्रॉक्सीने काहीच केले नाही. जिच्यापासून नाव लपवायचे होते त्या मोबाइल कंपनीला ते दिसतेच आहे, आणि माहीत असणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली.

व्हीपीएन त्यापेक्षा बरा आहे. तो फोनमधून निघणारे जवळपास सगळे, सर्व ॲपचे, एका कुलूपबंद बोगद्यात घालतो आणि व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतो. तिथून ते मोकळ्या इंटरनेटवर जाते. आता मोबाइल कंपनीला एवढेच दिसते की हा फोन अमुक सर्व्हरशी जोडलेला आहे, इतका वेळ, इतका डेटा. तो बोगदा व्हीपीएनचा आहे हेही तिला सहसा ओळखता येते. पण संकेतस्थळाचे नाव दिसत नाही. रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर बसलेल्या चोरट्यालाही दिसत नाही. हे काम व्हीपीएन खरोखर चांगले करतो.

मग फसवणूक कुठे आहे? मोबाइल कंपनीला जे दिसत होते ते सगळे आता व्हीपीएन कंपनीला दिसते. तुमचा खरा पत्ता तिच्याकडे आहे, तुम्ही कुठे गेलात तेही तिच्याकडे आहे, आणि पैसे भरले असतील तर बहुधा तुमचे नावही आहे. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुन्हा एकाच हातात आली. तुमची अमानत एका पेढीतून काढून दुसऱ्या पेढीत ठेवली, एवढेच झाले. दुसरी पेढी जास्त विश्वासू आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय केलेली अदलाबदल शहाणपणाची नाही.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे प्रत्येक व्हीपीएन कंपनी जाहिरातीत लिहिते. २०१७ साली अमेरिकेत एका माणसाला अटक झाली. तो आपल्या आधीच्या घरात सोबत राहणाऱ्या मुलीचा ऑनलाइन छळ करत होता आणि प्युअरव्हीपीएन वापरत होता. तीही कंपनी नोंदी ठेवत नसल्याचे सांगत असे. तरी तिच्याच नोंदींवरून तपास यंत्रणेला कळले की तेच खाते त्याच्या घरून आणि कामाच्या ठिकाणाहून वापरले गेले होते. असा माणूस पकडला गेला याचे दुःख कुणालाच नको. पण जाहिरातीतला शब्द खरा नव्हता, आणि तीच जाहिरात वाचून एखादी निरपराध मुलगीही भरवसा ठेवते.

आपल्या देशात तर नोंदी ठेवण्याचा आदेशच आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सामान्य ग्राहकांना व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली ते कारण पाच वर्षे जपून ठेवायचे. अंमलबजावणीची मुदत पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवली. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. म्हणून ॲपमध्ये ‘भारत’ असे लिहिलेले दिसले तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात दुसऱ्या देशात असू शकतो. ज्या कंपन्या भारतात सर्व्हर ठेवून आहेत त्यांनी नियम पाळला असेल तर तुमची नोंद तिथे आहे. जाहिरातीतल्या ‘शून्य नोंदी’ या दोन शब्दांपेक्षा कंपनी कोणत्या देशातल्या कायद्याखाली आहे आणि तिची तपासणी बाहेरच्या कुणी केली आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

आणि फुकटचे व्हीपीएन? सर्व्हर फुकट चालत नाहीत. पैसा कुठून तरी येतोच. २०१५ साली होला नावाच्या लोकप्रिय फुकट सेवेबद्दल जे उघड झाले ते नीट समजून घ्या. होला आपल्या फुकट ग्राहकांचीच जोडणी दुसऱ्यांना वापरायला देत होती आणि लुमिनाटी या आपल्याच सेवेतून ती विकत होती. म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या कामावर तुमचा आयपी पत्ता. एका संकेतस्थळावरचा हल्ला याच मार्गाने झाल्याचे बाहेर आले, तेव्हा जगाला हे कळले. आता विचार करा. तुमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाने बंद चित्रपट पाहायला असे ॲप टाकले. कुठल्या तरी देशातल्या माणसाने त्याच्या पत्त्यावरून धमकी पाठवली. पोलीस त्या पत्त्याच्या मागे येतील तेव्हा ते ॲपच्या मालकाकडे जाणार नाहीत, या मुलाच्या दारात येतील. त्याचे नाव काय आहे यावरून पुढची चौकशी किती सोपी किंवा अवघड होईल, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. फुकटचा पडदा कधी कधी दुसऱ्याचा बुरखा होतो, आणि आत चेहरा तुमचा असतो.

तिसरे साधन टॉर. याची मांडणी मुळातच वेगळी आहे, कारण ते कुणा एकावर भरवसा ठेवत नाही. कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली. आज टॉर एक ना-नफा संस्था चालवते आणि जगभरचे स्वयंसेवक आपले सर्व्हर त्यासाठी देतात. तुमचा टॉर ब्राउझर त्यांतले तीन सर्व्हर निवडतो. निरोपाला तीन कुलुपे, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी लावतो. पहिला सर्व्हर वरचे कुलूप काढतो. त्याला तुम्ही कोण हे दिसते, पण कुठे जायचे ते दिसत नाही, फक्त पुढच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. मधल्याला दोन्ही टोके दिसत नाहीत. तिसरा शेवटचे कुलूप काढून निरोप बाहेर सोडतो. त्याला कुठे जायचे ते दिसते, पण कोणाचा निरोप आहे ते माहीत नसते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्यांदाच दोन वेगळ्या हातांत गेली. हे काम प्रॉक्सीने केले नाही, एकट्या व्हीपीएनने केले नाही.

मग टॉर लावला की सगळे झाकले? मुळीच नाही, आणि याचा सर्वांत मोठा धडा आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याशी जोडलेला आहे.

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने आपल्या ब्लॉगवर शंभर ईमेल खात्यांची नावे आणि पासवर्ड प्रसिद्ध केले. त्यांत अनेक देशांचे दूतावास होते. भारताचे दूतावास होते, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ होती आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही होती. सगळ्यांना वाटले, याने मोठी घरफोडी केली. काही दिवसांनी त्याने सांगितले की त्याने कुठलेही कुलूप तोडले नव्हते. त्याने टॉरचे पाच शेवटचे सर्व्हर स्वतः चालवले, आणि त्यांतून बाहेर पडणारी वाहतूक वाचत बसला.

हे कसे शक्य झाले? त्या काळी बरीच ईमेल खाती कुलपाशिवाय उघडली जात. टॉरची तीन कुलुपे तिसऱ्या सर्व्हरवर संपतात. त्यापुढे संकेतस्थळापर्यंतच्या रस्त्यावर निरोपाचे स्वतःचे कुलूप नसेल, तर तो उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. तिसऱ्या सर्व्हरवर बसलेल्याला पोस्टकार्ड कुणी पाठवले ते माहीत नव्हते. पण कार्डावरच खात्याचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला होता. टॉरने पहिल्या प्रश्नाचे उत्तर लपवले आणि निरोपानेच ते सांगून टाकले.

एगरस्टाडने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या मते टॉरवरून ही खाती उघडणारे त्या कार्यालयांतले लोक नसावेत. ज्यांनी ते पासवर्ड आधीच चोरले होते असे कुणीतरी ओळख लपवून दुसऱ्यांचे टपाल वाचत असावे. म्हणजे चोराच्या मागे बसलेल्या माणसाला चोराच्या हातातला माल दिसला. नोव्हेंबरमध्ये स्वीडिश पोलिसांनी त्याच्या घरी जाऊन त्याची चौकशी केली. पण टॉर वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की शेवटचा सर्व्हर कोण चालवतो हे तुम्हाला कधीच माहीत नसते.

आज https सर्वत्र झाल्यामुळे हा धोका खूप कमी झाला आहे, आणि टॉर ब्राउझर कुलूप नसलेले पान उघडण्याआधी इशारा देतो. तो इशारा आला की ‘पुढे चला’ दाबू नका, मागे फिरा. ज्या संकेतस्थळांचा स्वतःचा .onion पत्ता असतो, तिथे निरोप टॉरच्या आतच राहतो आणि बाहेर पडणारा शेवटचा सर्व्हर लागतच नाही.

टॉरची दुसरी उघडी बाजू सेलूसारख्या गावात राहणाऱ्याने जास्त लक्षात ठेवली पाहिजे. टॉरच्या सर्व्हरांची यादी जाहीर असते. त्यामुळे तुम्ही टॉरवर काय केले हे मोबाइल कंपनीला कळत नाही, पण तुम्ही टॉर वापरला हे कळते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची खोटी धमकी टॉरवरून ईमेलने पाठवली. टॉर कुणी फोडला नाही. ईमेल टॉरवरून आला हे दिसले. मग विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळेच्या आसपास टॉर कोण वापरत होते एवढेच तपासले. विद्यार्थ्याला विचारले, त्याने कबूल केले.

टॉरचा पडदा मुळात गर्दीचा असतो. हजारोंच्या गर्दीत तुम्ही एक असाल तर लपता. आठवडी बाजारात एकट्याने तोंड झाकून फिरलात तर सगळ्यांच्या नजरेत भरता. मुंबईत एका वेळी टॉर वापरणारे पुष्कळ असतील. एखाद्या कॉलेजच्या वायफायवर, एखाद्या लहान गावात, त्या तासाला तुम्ही एकटेच असू शकता. यासाठी टॉर ब्राउझरमध्ये ‘ब्रिज’ नावाची सोय आहे: जाहीर यादीत नसलेला पहिला सर्व्हर. त्याने टॉरचा वापर ओळखणे अवघड होते, अशक्य होत नाही.

आता आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे परत या आणि विचारा, तिला पडदा कोणापासून हवा आहे? मोबाइल कंपनीपासून हवा असेल तर चांगला व्हीपीएन पुरे. संकेतस्थळाला आणि मधल्या प्रत्येकाला आपली ओळख नको असेल तर टॉर ब्राउझर. पण तिला भीती नवऱ्याची किंवा सासरच्यांची असेल आणि फोन घरात सगळ्यांच्या हातात जात असेल, तर या तिन्हींपैकी एकही तिच्या कामाचे नाही. फोनमधला इतिहास, टाइप करताना आपोआप येणारे शब्द, पडद्यावरच्या सूचना, आणि फोनमध्ये दिसणारे नवीन व्हीपीएनचे चिन्ह, हे सगळे फोनच सांगतो. तिच्यासाठी मैत्रिणीचा फोन जास्त सुरक्षित आहे. तिला ‘व्हीपीएन लाव’ सांगणारा तिला संकटात टाकतो.

तिन्ही साधने आणखी एक गोष्ट झाकत नाहीत: तुम्ही स्वतः दिलेली ओळख. टॉरवरून आपल्याच फेसबुक खात्यात शिरलात तर फेसबुकला तुम्ही कोण ते माहीत आहे. व्हीपीएन लावून गुगलमध्ये लॉगिन राहिलात तर तुमचा शोध तुमच्याच नावावर जमा होतो. लोकेशनची परवानगी दिलेले ॲप जीपीएसवरून जागा सांगते. त्याला आयपी पत्त्याची गरजच नसते.

साधन चालू आहे की नाही हेही पाहता येते. व्हीपीएन लावण्याआधी आणि नंतर ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणारे कोणतेही पान उघडा. पत्ता बदलला नसेल तर बोगदा नाही. जोडणी मध्येच तुटली की फोन गुपचूप उघड्या रस्त्याने जाऊ लागतो, म्हणून अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘नेहमी चालू’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ हे दोन्ही पर्याय सुरू करा. टॉरसाठी check.torproject.org हे पान टॉर ब्राउझरमध्ये उघडा. ते स्पष्ट सांगते.

शेवटी कायद्याचे. व्हीपीएन किंवा टॉर वापरणे भारतात गुन्हा नाही. पण जम्मू-काश्मीरमध्ये काही जिल्हा प्रशासनांनी वेळोवेळी व्हीपीएनवर बंदी घातली आहे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनवरून समाजमाध्यमे वापरणाऱ्यांविरुद्ध यूएपीएखाली गुन्हा नोंदवला होता. म्हणून ‘काही होत नाही’ असे सांगणाराही खोटे बोलतो आणि ‘हे सगळे बेकायदा आहे’ असे सांगणाराही.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘हे ॲप टाका, निर्धास्त राहा’ असे लिहिले, तर त्याला तेच तीन प्रश्न विचारा. मी कोण हे या ॲपला माहीत आहे का? मी कुठे जातो हे त्याला माहीत आहे का? मी लिहिलेले तो वाचू शकतो का? उत्तर त्याला देता आले नाही, तर ते ॲप टाकू नका, आणि पुढे कुणालाही पाठवू नका.